युद्धस्मारकापुढच्या भाषणात सैनिक कुठे असतो?

तालुक्याच्या गावात युद्धस्मारकापुढे वर्षातून एकदोनदा माणसे जमतात. कधी २६ जुलैला, कधी १६ डिसेंबरला, कधी गावच्याच एखाद्या जवानाच्या स्मृतिदिनी. पुष्पचक्र वाहिले जाते, माजी सैनिक संघटनेची मंडळी सलामी देतात आणि मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे हुद्द्यांसकट, चढत्या-उतरत्या मानाचे भान ठेवून, एकही चूक न करता घेतली जातात. त्यात चार-पाच मिनिटे जातात. मागच्या दगडावर ज्यांची नावे आहेत ते मात्र भाषणभर ‘आपले वीर जवान’ एवढेच राहतात. त्यांतला कोण कोणत्या पलटणीत होता, कुठे आणि कसा गेला, हे ऐकायला आलेल्या त्याच्या पुतण्यालाही शेवटपर्यंत कळत नाही.

हे भाषण दहा मिनिटांत संपले पाहिजे. त्यात दगडावरचे प्रत्येक नाव हुद्दा, पलटण, ठिकाण आणि तारखेसह घेतले जावे, एकाची हकिकत पुरी सांगितली जावी, आणि ही माणसे कोणाच्या सैन्यात लढली हेही न लपवता सांगितले जावे. बाकीचे गाळले तर काही बिघडत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जगातल्या नामांकित स्मरणभाषणांत मेलेल्यांची नावे नसतात. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात पडलेल्यांच्या गेटिसबर्ग इथल्या दफनभूमीत लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे बोलले, इंग्रजीत सुमारे २७० शब्द, आणि त्यांत एकाही सैनिकाचे नाव नाही. त्याआधी सुमारे तेवीसशे वर्षे अथेन्समध्ये तिथला नेता पेरिक्लीस बोलला, त्यानेही नाव घेतले नाही. मग आपल्या पाहुण्यांनी का घ्यावे?

फरक भाषणाच्या आसपासच्या दगडांत आहे. अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांच्या याद्या कुळवार शिळांवर कोरून दफनभूमीत उभ्या केल्या जात. गेटिसबर्गला एकेका राज्याच्या सैनिकांच्या कबरी वेगळ्या मांडल्या आणि ज्याची ओळख पटली त्याचे नाव दगडावर आले. नावांचे काम दगड करत होता, म्हणून वक्त्याला त्यातून मोकळीक होती. आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या गावोगाव चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवल्या, त्यांतल्या पुष्कळांवर एवढेच आहे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि गावाचे नाव. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाची ख्याती सर्वदूर आहे, पण तिथलीही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट म्हणजे पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचा आकडा, ४६.

परदेशातही आपल्या शिपायांच्या वाट्याला तेच आले. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसरा इथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी पलटणींच्या खाली फक्त अधिकाऱ्यांची नावे आली आणि बाकी शिपायांचा नुसता आकडा. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्याच मोहिमेत कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, म्हणजे या आकड्यात साताऱ्याचे, रत्नागिरीचे, कोल्हापूरचे लोकही आहेत. जिथे दगडानेच नावे गाळली तिथे वक्त्यानेही ती गाळली, तर मग ती कोणी घ्यायची?

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातल्या पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. त्यांच्यावरच्या भाषणात ‘शत्रूवर तुटून पडले’, ‘एकट्याने शत्रूचा खातमा केला’, ‘हसत हसत मृत्यूला कवटाळले’ अशी वाक्ये सहज येतात. ती दुसऱ्या कुठल्याही जवानाच्या पुतळ्यापुढे जशीच्या तशी चालतील. माणगावचे भाषण म्हसळ्याला चालले, तर ते माणगावचे नव्हतेच. पदकाच्या मानपत्रात जे नोंदले आहे, त्यावरून तोच भाग असा सांगता येईल:

‘नाईक यशवंत घाडगे, पळसगाव, तालुका माणगाव. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या कंपनीने शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांचे सेक्शन अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडले. त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. बरोबर यायला कोणी उरले नव्हते, तरी ते मशिनगनवर धावून गेले. त्यांनी फेकलेल्या हातबॉम्बने गन बंद पडली आणि ती चालवणारा गारद झाला. दुसऱ्या एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्या घावांनी ठार केले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा त्यांनी एकट्याने घेतला होता, त्यातच ते गेले. वय २२. त्यांची कबर ज्ञात नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे.’

सावकाश वाचले तर याला सव्वा-दीड मिनिट लागते. यात ‘शूर’ हा शब्द एकदाही नाही. सेक्शन म्हणजे साधारण दहा जणांची तुकडी आणि नाईक हा तिचा म्होरक्या, एवढे एक वाक्य आधी सांगितले, तर ज्याच्या घरात फौजेत कोणी नाही त्यालाही प्रसंग डोळ्यांपुढे उभा करता येतो. जवळून लागलेल्या मशिनगनपुढे जमिनीला चिकटून राहणे आणि मागे फिरणे ही दोन्ही मरणाचीच वाट असते. गन बंद पडेपर्यंत मागून येणाऱ्या कंपनीलाही पुढे सरकता येत नाही. एका माणसाच्या धावण्याला त्या घडीला किती किंमत होती हे यातून कळते, आणि ते विशेषणांनी कळत नाही.

बंदुकीच्या घावांचे वाक्य गाळावे, कारण समोर शाळेतली मुले बसलेली असतात, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ते वाक्य चवीने फुलवून सांगू नये हे खरे, पण गाळले तर मॅगझीन बदलायला वेळ नव्हता हा तपशीलही जातो, आणि ती झटापट किती जवळून, किती थोड्या क्षणांत झाली हे सांगणारा तोच तपशील आहे. शिवाय ते गाळले की उरते ते चित्रातले युद्ध, ज्यात शत्रू आपोआप पडतात. मारले गेलेले चौघेही कोणाचे तरी होते. खुद्द मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली घाडगे यांच्या स्मरणार्थ सौरघडीच्या रूपाने स्मारक उभारले. ज्या भूमीवर लढाई झाली तिथले लोक इतके करतात, तर माणगावच्या भाषणात त्याला एक वाक्य मिळायला हरकत नाही.

मानपत्र वापरताना एक सावधगिरी हवी. ते पदकाची शिफारस म्हणून वरिष्ठांनी लिहिलेले असते. कोण कुठे होते, काय फेकले, कुठे गोळी लागली, हे बघणाऱ्यांच्या सांगण्यावरून येते आणि बहुधा विश्वासार्ह असते. पण ‘बरोबर कोणी उरले नाही हे पुरते ठाऊक असून’ अशासारखा शब्दप्रयोग हा लिहिणाऱ्याचा अंदाज असतो. त्या माणसाच्या मनात काय होते हे कोणालाच माहीत नाही. म्हणून वरच्या मजकुरात ‘कोणी उरले नव्हते, तरी धावून गेले’ असे ठेवले आहे. घटना जशीच्या तशी राहते आणि मनातले त्याच्यापाशीच राहते. शेवटचे शब्द, आईला पाठवलेला निरोप, ओठांवरचे हसू या गोष्टी कागदावर नसतील, तर बोलण्यातही नकोत.

आणखी एक उणीव मानपत्रात असते आणि भाषणाने ती भरून काढायला हवी. ‘बाकी सगळे ठार किंवा जखमी’ या पाच शब्दांत आठ-नऊ माणसे संपतात. ती त्याच पलटणीतली, बहुधा आपल्याच मुलखातली. राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या नोंदींत १० जुलै १९४४ ही तारीख आणि पलटण घालून शोधले, तर त्या दिवशी पलटणीतले आणखी कोण गेले ते पाहता येते. त्यांतला कोण घाडगे यांच्याच सेक्शनमधला होता हे त्या नोंदीतून कळत नाही, तेव्हा तसे म्हणू नये. ‘त्याच दिवशी त्याच पलटणीतले हेही गेले’ एवढेच म्हणावे. पुतळा एकाचा असला म्हणून सभाही एकाचीच असली पाहिजे असे नाही.

आता अडचणीचा प्रश्न. १९४७ च्या आधी पडलेल्या सैनिकाबद्दल ‘देशासाठी प्राण दिले’ असे सर्रास म्हटले जाते. ज्यांना हे खटकते ते उलट टोकाला जाऊन ‘परक्यांसाठी मेले’ म्हणतात आणि अशा सभेकडे पाठ फिरवतात. दोन्हींत माणूस हरवतो. १९४४ च्या जुलैत काय चालले होते ते पाहा. ४ जूनला रोम पडले होते आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटताना टायबरच्या खोऱ्यात ठाण्याठाण्यावर अडवून लढत होते. त्यांच्यामागे दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर मराठा पलटण चालली होती. त्याच महिन्यात इम्फाळच्या आघाडीवर आझाद हिंद सेना माघार घेत होती, आणि तिच्यासमोर ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातले हिंदी जवानच होते. इकडे सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते, आणि त्याच जिल्ह्यातले कितीतरी मुलगे इटलीत आणि ब्रह्मदेशात होते. एका घरातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा फौजेत, हे तेव्हा अशक्य नव्हते.

हे सगळे दहा मिनिटांत मांडायचे नाही. दोन वाक्ये पुरतात: ‘हे सैनिक ब्रिटिश सरकारच्या हिंदी सैन्यात होते. त्या सैन्यात सक्तीची भरती नव्हती.’ पुढचा निष्कर्ष ऐकणाऱ्यावर सोडावा. भरतीमागे कोणाच्या घरी दुष्काळ होता, कोणाच्या घरी तीन पिढ्यांची फौजेची रीत होती, कोणाला पगार हवा होता, कोणाला गावातून बाहेर पडायचे होते. एखाद्याचे कारण घरच्यांना ठाऊक असेल आणि ते सांगायला त्यांची हरकत नसेल, तरच सांगावे. फॅसिझमविरुद्ध लढायला गेले किंवा स्वराज्याच्या आशेने गेले, अशी कारणे वक्त्याने त्यांच्या तोंडी घालू नयेत.

या टाळाटाळीचा फटका दिल्लीच्या दगडांतही दिसतो. इंडिया गेटवरची नावे पहिले महायुद्ध आणि त्या सुमाराच्या सरहद्दीवरच्या लढायांतली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या फरशांवर एकेक नाव आहे, पण ती नावे स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पडलेला शिपाई राजधानीच्या या दोन्ही स्मारकांत कुठेच बसत नाही. व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी असला तरीही. त्याचे नाव कॅसिनोत असते, रंगूनजवळ असते, आणि सुदैव असेल तर तालुक्याच्या गावात असते. माणगावसारख्या ठिकाणचे भाषण म्हणूनच जास्त जबाबदारीचे.

नावे जमवण्याचे काम सभेच्या आदल्या रात्री होत नाही, निदान महिनाभर हवा. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या माणसांसाठी वर सांगितलेल्या कमिशनच्या नोंदी हा पहिला आधार. दुसऱ्या महायुद्धासाठी कमिशन ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरते. शोध बहुतेक वेळा स्पेलिंगवर अडतो. रेजिमेंटचे नाव तेव्हा `Mahratta` असे लिहीत, त्यामुळे `Maratha` टाकले की हाती काही लागत नाही. आडनावांचीही तीच गत, `Ghadge`, `Ghadage`, `Ghatge` असे सगळे प्रकार घालून पाहावे लागतात. जिल्ह्यांची नावे जुनी असतात: रायगड म्हणून शोधू नये, कुलाबा म्हणून शोधावे. आणि वडिलांच्या नावाशी, गावाशी जुळल्याखेरीज केवळ आडनावावरून ‘हाच आपला’ असे ठरवू नये. एका पलटणीत एकाच नावाचे दोघे-तिघे सापडणे मुळीच नवल नाही. घरात पदक किंवा जुने पेन्शनचे कागद असतील तर त्यांवरचा सैनिक क्रमांक हाच सगळ्यांत खात्रीचा दुवा.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे आणि त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे. इथे एक हमखास चूक होते. महाराष्ट्रातला जवान म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असे धरून वक्ता बेळगावचे गोडवे गातो, आणि ज्याच्याबद्दल बोलतो तो महार रेजिमेंटचा असतो, तोफखान्याचा असतो, नाहीतर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, आणि त्याआधी पहिल्या महायुद्धातही १११ व्या क्रमांकाची महार पलटण होती, जी १९२१ मध्ये मोडली. एका जवानाला दुसऱ्याच्या पलटणीत घालणे ही त्याच्या साथीदारांना लागणारी गोष्ट आहे. समोर बसलेल्या माजी सैनिकांच्या ती पहिल्याच वाक्यात लक्षात येते.

मृत्यूच्या कारणाबाबतही भाषणे चाचरतात. स्मारकावर नाव असलेला प्रत्येक जण संगिनीच्या हल्ल्यात पडलेला नसतो. कुट २९ एप्रिल १९१६ रोजी पडले, त्यानंतर कैदी झालेले कितीतरी शिपाई उपासमारीने, रोगाने आणि वाळवंटातल्या पायपिटीने गेले. अलीकडच्या काळात हिमकडा कोसळून, थंडीने, गाडी दरीत जाऊन जवान जातात. अशा वेळी वक्ता ‘रणांगणावर धारातीर्थी’ असे मोघम म्हणून पुढे सरकतो, जणू दुसऱ्या तऱ्हेचे मरण कमी प्रतीचे. ‘तुर्कांच्या कैदेत, आजाराने’ असे सरळ म्हणावे. घरच्यांनी अनेक वर्षे खरे तेच ऐकलेले असते. वक्त्याचा शब्द वेगळा निघाला की त्यांना तो लागतो.

राहिला क्रमाचा प्रश्न. नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण आणि साल मिळून एका माणसाला सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे तीस नावे साडेतीन मिनिटांत होतात. यादी त्याहून मोठी असेल तर ठिकाणे गटाने घ्यावीत, नावे मात्र सगळी. हुद्द्याच्या क्रमाने वाचले की शिपाई शेवटी येतात. अकारविल्हे वाचले की यादी हजेरीसारखी वाटते. तारखेच्या क्रमाने वाचले तर मेसोपोटेमियापासून कारगिलपर्यंत गावाचे सुमारे पंच्याऐंशी वर्षांचे कागद उलगडत जातात, आणि १९६२ नंतर लगेच १९६५ येते तेव्हा ऐकणाऱ्याला आपोआप काही कळते. अडखळणारी नावे आदल्या दिवशी घरच्यांकडून उच्चारून घ्यावीत. ‘अंबाजी’चा ‘आंबोजी’ झालेला आईला खपत नाही.

भाषण मौनाच्या आधी संपले पाहिजे. बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, दोन मिनिटे स्तब्धता, मग राउज ही जागवणारी धून, हा क्रम एकसंध असतो. मध्ये कोणी दोन शब्द बोलायला उभे राहिले की तो मोडतो. बिगुलवाला नसेल आणि ध्वनिफीत वाजवायची असेल, तर राउज कधी लावायचे हे घड्याळ बघून एकाच माणसाने ठरवावे, नाहीतर दोन मिनिटांची चाळीस सेकंद होतात. मान्यवरांचे स्वागत, आभार, निवेदन हे सगळे चहाच्या वेळी करता येते. पाहुणे राजकीय असले तर त्यांना लिहिलेला कागद आधीच हातात द्यावा आणि नावे वाचायचा मान त्यांनाच द्यावा. नाव वाचण्यात मन गुंतलेला माणूस सहसा निवडणुकीकडे वळत नाही.

सभा संपल्यावर तो कागद फेकून देऊ नये. टंकलिखित प्रत ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या दप्तरी, एक शाळेत, एकेक प्रत त्या घरांत द्यावी. प्रत्येक नावापुढे माहिती कुठून आली ते लिहावे, आणि ज्याचे ठिकाण किंवा तारीख मिळाली नाही त्या जागा कोऱ्या ठेवाव्यात. पुढच्या वर्षी कोणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीत एखादे पत्र निघते, त्यावर पलटणीचा शिक्का असतो, आणि त्यांतली एक जागा भरता येते.